आकडे बरोबर, निष्कर्ष चुकलेला

तिमाही विक्री अहवालात दोन गोष्टी असतात, आकडे आणि त्या आकड्यांवरून काढलेली विधाने. अहवाल तपासायचा म्हटले की बहुतेकांचे लक्ष आकड्यांकडे जाते. बेरीज जुळते का आणि रक्कम हिशेबाच्या वह्यांशी मिळते का, एवढे पाहून अहवाल पुढे पाठवला जातो. प्रत्यक्षात आज बेरजेच्या चुका फारशा सापडत नाहीत, ते काम संगणक करतो. चूक सापडते ती आकड्यांशेजारी लिहिलेल्या वाक्यांत. ‘मागणी वाढली’, ‘स्कीम यशस्वी झाली’, ‘पावसामुळे विक्री घटली’ यांसारखी ही वाक्ये असतात. त्यातले प्रत्येक वाक्य म्हणजे एक दावा असतो, आणि शेजारचा आकडा तो दावा पेलतो का, हे वेगळे तपासावे लागते.

ही तपासणी कशी चालते, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. उदाहरणातली कंपनी आणि तिचे आकडे काल्पनिक आहेत. सणांच्या तारखा, कराचे दर आणि हवामान मात्र खरे आहे.

पश्चिम महाराष्ट्रातली ही मध्यम आकाराची कंपनी दोन प्रकारचा माल विकते. एक वर्षभर खपणारे पाकीटबंद फरसाण आणि दुसरा दिवाळीच्या सुमारास खपणारा फराळाचा बॉक्स. जुलै ते सप्टेंबर 2025 या तिमाहीच्या अहवालात विक्री व्यवस्थापकाने चार ठळक विधाने केली आहेत. गेल्या वर्षीच्या याच तिमाहीत 480 लाख रुपये असलेली विक्री 552 लाखांवर गेली, म्हणजे मागणी 15 टक्क्यांनी वाढली. किलोमागे सरासरी दर 12 टक्क्यांनी वाढला, म्हणजे दरवाढ ग्राहकांनी स्वीकारली. सप्टेंबरअखेर सुरू केलेल्या वितरक स्कीममुळे विक्री दुप्पट झाली. लक्ष्य 550 लाखांचे होते, ते पूर्ण झाले; मराठवाड्यात तूट आली, पण ती अतिवृष्टीमुळे.

पहिले काम अर्थातच 552 हा आकडा खरा आहे का, हे पाहण्याचे. त्यासाठी अहवालातली रक्कम विक्रीच्या खतावणीशी आणि जीएसटीआर-1 विवरणपत्रांतल्या करपूर्व रकमेशी पडताळून पाहतात. या दोन्हींत फरक असणे म्हणजे लगेच गडबड असते असे नाही. दुसऱ्या राज्यातल्या स्वतःच्याच डेपोला पाठवलेला माल जीएसटीच्या विवरणपत्रात पुरवठा म्हणून दाखवावा लागतो, पण ती विक्री नसते. फरक किती आणि कशामुळे, हे कागदावर मांडता आले म्हणजे झाले. यानंतर तिमाहीच्या अखेरच्या दोन-तीन दिवसांची बिले काढून ती गेट रजिस्टर आणि ई-वे बिलांशी लावून बघतात. 30 सप्टेंबरचे बिल असलेला माल दसऱ्यानंतर, म्हणजे 2 ऑक्टोबरनंतर फाटकाबाहेर पडला असेल, तर ती विक्री सहसा पुढच्या तिमाहीची धरावी लागते. पाठोपाठ ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघालेल्या क्रेडिट नोट चाळतात, कारण सप्टेंबरमध्ये गळ्यात मारलेला माल परत येतो तो या दिवसांत. आपल्या उदाहरणात हे सगळे जुळले. 552 लाख हा आकडा पक्का ठरला. तपासणीचा खरा भाग इथून पुढे सुरू होतो.

सरासरी दराचे विधान आधी घेऊ, कारण त्यात दडलेली गोम साध्या गुणाकाराने उघडी पडते. गेल्या वर्षी कंपनीने 200 टन फरसाण किलोला 200 रुपयांनी विकले, त्याचे झाले 400 लाख. फराळाचे बॉक्स 20 टन गेले, किलोला 400 रुपयांनी, त्याचे 80 लाख. यंदा फरसाण 190 टन गेले, दर 210 रुपये, म्हणजे 399 लाख. बॉक्स 36 टन गेले, दर 425 रुपये, म्हणजे 153 लाख. एकूण रकमेला एकूण वजनाने भागले तर सरासरी दर 218 रुपयांवरून 244 रुपयांवर गेलेला दिसतो. ही वाढ 12 टक्के भरते आणि अहवालातला आकडा बरोबर आहे.

पण कंपनीने दर 12 टक्क्यांनी वाढवलेलेच नाहीत. फरसाणाचा दर 5 टक्क्यांनी वाढला आहे आणि बॉक्सचा सव्वासहा टक्क्यांनी. दोन्ही वस्तूंचे दर पाच-सहा टक्क्यांनी वाढले असताना सरासरी 12 टक्क्यांनी वाढते, ती मालाचे मिश्रण बदलल्यामुळे. यंदा एकूण वजनात महागड्या बॉक्सचा वाटा मोठा आहे, म्हणून सरासरी वर सरकली. तपासणी करणारा इथे वाढलेल्या 72 लाखांचे तुकडे पाडतो. यंदाच्या वजनाला दरातल्या फरकाने गुणले की दरवाढीतून आलेले 28 लाख मिळतात: फरसाणाचे 19 आणि बॉक्सचे 9. एकूण वजन 220 टनांवरून 226 टनांवर गेले. या सहा टनांना गेल्या वर्षीच्या सरासरी दराने गुणले की निव्वळ वजनवाढीचे सुमारे 13 लाख येतात. उरलेले 31 लाख मिश्रण बदलण्याचे. तिन्हींची बेरीज 72 भरते.

हे तुकडे समोर ठेवले की ‘दरवाढ ग्राहकांनी स्वीकारली’ हे वाक्य डळमळू लागते. ज्या फरसाणाचा दर वाढवला त्याची विक्री वजनात 5 टक्क्यांनी घटली आहे आणि रकमेत होती तिथेच आहे. सप्टेंबर 2024मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेलाच्या आयातीवरचे शुल्क वाढवले आणि तेल महागले, तेव्हा दर वाढवणे कंपनीला भाग असेलही. पण दर वाढल्यावर वजन घटले असेल, तर ‘स्वीकारली’ हा शब्द वापरण्याचा आधार या आकड्यांत नाही. दरवाढीमुळेच वजन घटले, हेही त्यांतून सिद्ध होत नाही. या तिमाहीत दुसरे एक कारण घडत होते, ते पुढे येईलच. तपासणी करणाऱ्याने उलट दिशेचा घाईचा निष्कर्ष काढणेही तितकेच चुकीचे.

आता 15 टक्के वाढ. वजनाचे आकडे पाहिल्यावर एक गोष्ट लगेच नजरेत भरते: वाढ सगळी बॉक्सची आहे, 20 टनांवरून 36 टन. मग प्रश्न उरतो तो बॉक्स एवढे का वाढले हा, आणि त्याचे उत्तर विक्री विभागाच्या कागदांत नसून कॅलेंडरमध्ये आहे. 2024 साली लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होते. 2025 साली ते महाराष्ट्रात 21 ऑक्टोबरला आले. वितरक फराळाचा माल लक्ष्मीपूजनाआधी तीन-चार आठवड्यांपासून उचलू लागतो. गेल्या वर्षी 30 सप्टेंबरला सण 32 दिवसांवर होता, यंदा तो 21 दिवसांवर आला होता. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गेलेला माल यंदा सप्टेंबरमध्ये गेला, आणि तिमाहीची रेघ नेमकी या दोन महिन्यांमधून जाते.

सणाच्या मालाची तुलना करताना म्हणून तारखेला तारीख लावून चालत नाही. सणाला किती दिवस उरले होते, ते जुळवावे लागते. लक्ष्मीपूजनाला 21 दिवस उरलेले असण्याचा गेल्या वर्षीचा दिवस होता 11 ऑक्टोबर 2024. त्या दिवसापर्यंत किती बॉक्स गेले होते, हे डिस्पॅचच्या नोंदींतून काढता येते. उदाहरणात तो आकडा निघाला 38 टन. यंदा त्याच टप्प्यावर 36 टन गेले आहेत. 16 टनांची वाढ दिसत होती, तिथे आता दोन टनांची घट दिसते. रकमेत मांडायचे तर गेल्या वर्षीचे फरसाणाचे 400 लाख आणि 38 टन बॉक्सचे जुन्या दराने 152 लाख मिळून 552 लाख होतात. यंदाची विक्रीही 552 लाखच. सण जुळवून पाहिला की 15 टक्के वाढ उरत नाही.

तरीही ‘मागणी घटली’ असे लिहिण्याइतका आधार याने मिळत नाही. याच तिमाहीत जीएसटीच्या दरांची मोठी फेरमांडणी झाली. जीएसटी परिषदेने ती सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर केली आणि 22 सप्टेंबर 2025पासून ती लागू झाली. पाकीटबंद नमकीनवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. कर उतरणार हे कळल्यावर कुठलाही वितरक जुन्या दराचा माल भरून ठेवत नाही; हाताशी आहे तो खपवतो आणि नव्या दराची वाट पाहतो. सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे मंद आणि शेवटचा आठवडा धावपळीचा, असे चित्र अनेक धंद्यांत दिसले. फरसाणाच्या वजनातली 5 टक्के घट दरवाढीमुळे आली की वितरक थांबल्यामुळे, हे तीन महिन्यांच्या एकूण बेरजेतून सांगता येत नाही. जुलै-ऑगस्टचे वजन वेगळे काढून पाहिले तर काही अंदाज येतो. पक्के उत्तर ऑक्टोबरचे आकडे आल्यावरच मिळेल.

‘मागणी’ या शब्दाबद्दल आणखी एक खुलासा. कंपनीची विक्री म्हणजे तिने वितरकाला दिलेला माल. वितरकाने दुकानदाराला काय दिले आणि दुकानातून काय खपले, हे त्या आकड्यात नसते. मागणीबद्दल बोलायचे तर निदान वितरकांच्या गोदामातला साठा पाहायला हवा, आणि तोही सणाच्या तेवढ्याच टप्प्यावरच्या गेल्या वर्षीच्या साठ्याशी तोलून. साठा फुगलेला असेल, तर कंपनीची विक्री वाढली असेल, पण माल अजून घराघरांत पोहोचलेला नसतो.

तिसरे विधान स्कीमचे. 22 सप्टेंबरला कंपनीने सांगली, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत वितरकांना दहा पेट्यांवर एक पेटी मोफत देणे सुरू केले. त्याआधीच्या तीन आठवड्यांत या जिल्ह्यांत रोज सरासरी अर्धा टन फरसाण जात होते, नंतरच्या नऊ दिवसांत एक टन जाऊ लागले. अहवालाने लिहिले, स्कीममुळे विक्री दुप्पट. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची अशी तुलना विक्री अहवालांत सर्रास आढळते. कारण सिद्ध करण्याची इतकी कमकुवत रीत दुसरी नसेल, कारण त्या दिवसांत बदललेली प्रत्येक गोष्ट स्कीमच्या नावावर जमा होते.

ही विधाने तपासताना एक साधा प्रश्न हाताशी ठेवावा: स्कीम आणलीच नसती तर काय दिसले असते? याचे उत्तर जिथे स्कीम नव्हती तिथे शोधावे लागते. नाशिक आणि जळगावमध्ये ती नव्हती. तिथे याच काळात रोजची विक्री 0.6 टनांवरून 1.17 टनांवर गेली, म्हणजे जवळपास दुप्पटच. दोन्हीकडे विक्री वाढण्याचे सामाईक कारण उघड आहे: कर उतरला आणि खोळंबलेले वितरक माल उचलू लागले. शिवाय स्कीमच्या जिल्ह्यांतल्या एक टनात मोफत दिलेल्या पेट्यांचे वजनही आहे. अकरा पेट्यांतली एक फुकटची धरून ते वगळले, तर पैसे देऊन घेतलेला माल रोज 0.91 टन उरतो. वाढ दुप्पट नसून 1.8 पटींच्या आसपास येते, म्हणजे स्कीम नसलेल्या जिल्ह्यांपेक्षा थोडी कमीच. नऊ दिवसांच्या आकड्यांवरून आणि एकमेकांसारख्या नसलेल्या जिल्ह्यांवरून स्कीम निरुपयोगी होती, असा निकाल देता येणार नाही. पण ती यशस्वी झाल्याचा पुरावा या अहवालात नाही, एवढे निश्चित म्हणता येते, आणि स्कीम पुढच्या तिमाहीत सगळ्या जिल्ह्यांत लागू करण्याचा प्रस्ताव अहवालाच्या शेवटी असेल तर ते लेखी म्हणायलाच हवे.

उरली ती लक्ष्य आणि प्रत्यक्ष विक्री यांतली तफावत. 550 लाखांचे लक्ष्य आणि 552 लाखांची विक्री, फरक दोन लाखांचा. इतक्या छोट्या फरकाकडे कोणी वळूनही पाहत नाही, आणि नेमके इथेच बरेच काही झाकले जाते. कारण दोन लाख ही वजाबाकीनंतर उरलेली रक्कम आहे. विभागवार पाहिले तर पुणे विभाग लक्ष्याच्या 21 लाख पुढे आहे, मराठवाडा 22 लाख मागे आहे आणि बाकीचे विभाग मिळून तीन लाख पुढे आहेत. अधिक-उणे एकमेकांत विरून गेले. म्हणून कोणत्या तफावतीचा खुलासा मागायचा, याची मर्यादा आधी ठरवावी लागते, आणि ती एकूण बेरजेला न लावता विभागाच्या किंवा वस्तूच्या पातळीवर लावावी लागते. समजा, पाच टक्के किंवा पाच लाख यांपैकी जे आधी ओलांडले जाईल ते. मराठवाड्याचे लक्ष्य 84 लाखांचे होते, विक्री 62 लाखांची झाली. तूट 26 टक्क्यांची.

अहवालातला खुलासा एका शब्दाचा आहे: अतिवृष्टी. सप्टेंबर 2025च्या उत्तरार्धात मराठवाड्यात पुराने हाहाकार माजवला, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. म्हणूनच हा खुलासा वाचून कोणी पुढे विचारत नाही. पण खुलासा खरा असणे वेगळे आणि तो पुरेसा असणे वेगळे. ज्या खुलाशाला रक्कम जोडलेली नाही तो अर्धवट समजावा. पावसामुळे किती लाख गेले?

याचे उत्तर शोधताना तूट महिन्यांत वाटून पाहतात. 22 लाखांपैकी 13 लाखांची तूट जुलै-ऑगस्टमध्येच आलेली होती. सप्टेंबरअखेरचा पूर जुलैतली विक्री कमी करू शकत नाही. मग वितरकांची यादी गेल्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहिली, तेव्हा दिसले की 1 जुलैपासून दोन वितरकांचे कोड मराठवाड्यातून काढून पुणे विभागात टाकले होते, पण लक्ष्य मात्र जुन्याच विभागावर राहिले. या दोघांची तिमाहीतली विक्री 16 लाखांची, त्यांतली जुलै-ऑगस्टमधली 11 आणि सप्टेंबरमधली 5. म्हणजे मराठवाड्याच्या तुटीपैकी 16 लाख ही तूट नव्हतीच, आणि पुणे विभागाच्या 21 लाखांच्या कामगिरीतले 16 लाखही तिथले नव्हते. विभागप्रमुखांचा इन्सेन्टिव्ह याच आकड्यांवर ठरत असेल, तर एकाला न केलेल्या कामाचे पैसे मिळतात आणि दुसऱ्याचे हक्काचे बुडतात.

आता मराठवाड्याची खरी तूट सहा लाखांची उरली. पावसाचा वाटा मोजायला कागद आहे: ज्या ऑर्डर आल्या होत्या पण रस्ते बंद असल्यामुळे 30 सप्टेंबरपर्यंत डेपोतून निघू शकल्या नाहीत, त्यांची यादी. ती तीन लाखांची निघाली. ज्या दुकानदारांनी पुरामुळे ऑर्डरच दिली नाही त्यांचे नुकसान या यादीत येत नाही, हे मान्य करून ते तसे लिहावे. पण त्यावर अंदाजाने रक्कम चिकटवू नये. 22 लाखांचा हिशेब असा लागतो: विभाग बदलल्याचे 16, अडकलेल्या ऑर्डरींचे 3 आणि खुलासा न झालेले 3.

हे शेवटचे तीन लाख लपवण्याचा मोह मोठा असतो. ते ‘इतर’ किंवा ‘किरकोळ फरक’ या नावाखाली घातले जातात, किंवा पावसाचे तीनऐवजी सहा लाख केले की हिशेब देखणा दिसतो. अनुभवी तपासनीस अशा देखण्या हिशेबालाच आधी हात घालतो, कारण धंद्यातली तफावत शेवटच्या रुपयापर्यंत ठरावीक कारणांत बसत नाही. ज्या तक्त्यात प्रत्येक तफावत पूर्ण स्पष्ट झालेली असते, तिथे निदान एक कारण उरलेली रक्कम भरून काढण्यासाठी लिहिलेले असण्याची शक्यता दाट असते. असे कारण ओळखण्याची खूण म्हणजे त्याची रक्कम दुसऱ्या कोणत्याही कागदावरून स्वतंत्रपणे येत नाही. ती फक्त वजाबाकीतून येते.

बाकीच्या गोष्टी चटकन पाहून घेता येतात. ‘ऑनलाइन विक्री 150 टक्क्यांनी वाढली’ असे लिहिले असेल तर शेजारी रक्कम मागावी. दोन लाखांचे पाच लाख झाले असतील, तर वाक्य खरे असूनही 552 लाखांच्या अहवालात त्याला ठळक अक्षरे शोभत नाहीत. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हे एका नजरेत कळते.

तपासणीनंतर अहवालातला एकही आकडा बदलला नाही, वाक्ये मात्र चारही बदलली. विक्री गेल्या वर्षीच्या तिमाहीपेक्षा 72 लाखांनी जास्त आहे, पण दिवाळी 11 दिवस आधी आल्याचा परिणाम काढल्यास वाढ दिसत नाही. दर पाच ते सव्वासहा टक्क्यांनी वाढले, सरासरीतली उरलेली वाढ मालाचे मिश्रण बदलल्याची आहे. स्कीमचा परिणाम करकपातीपासून वेगळा करता आलेला नाही. मराठवाड्याची तूट लक्ष्य दुरुस्त केल्यावर सहा लाखांची आहे आणि त्यांतल्या तीन लाखांचे कारण सापडलेले नाही.

या वाक्यांना लगेच पुढच्या कामाला जुंपावे लागते, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर 2025च्या तिमाहीत बॉक्सची विक्री याच कारणाने घटलेली दिसेल आणि त्या घटीलाही कोणी तरी बाजारातल्या मंदीचे नाव देईल. 2026 साली अधिक ज्येष्ठ महिना आहे, त्यामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला येते. जुलै-सप्टेंबर 2026चा अहवाल लिहिणाऱ्याने 36 टन बॉक्सच्या आकड्याशी तुलना करण्याआधी ही तारीख पाहावी.